तेलाचा डबा १,४७० वरून १,८३० झाला, तेव्हा वेफर्सची दरवाढ गिऱ्हाइकांना कशी सांगितली : यावल तालुक्यातल्या एका कारखान्याचं प्रकरण

भुसावळ, यावल, रावेर या पट्ट्यातल्या लहान कारखान्यांचे हिशेब मी पाहतो. त्यात केळीचे वेफर्स करणारे बरेच आहेत. त्यातल्याच एका कारखान्याने सप्टेंबर २०२४ मध्ये केलेली दरवाढ इथे सविस्तर मांडतो आहे. मालकाची परवानगी आहे. त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि रकमा गोल केल्या आहेत. मालकांना सगळे दादा म्हणतात, म्हणून मीही इथे दादाच म्हणतो.

आधी कारखाना कसा आहे ते सांगतो. रोज साधारण ३०० किलो वेफर्स निघतात, महिन्याचे पंचवीस दिवस काम चालतं. बहुतेक माल ५ किलोच्या पिशव्यांमधून सुटा जातो. फैजपूर, सावदा, रावेर, भुसावळ इथले किराणा आणि फरसाणवाले तो घेतात, आणि धुळ्याचा एक होलसेल व्यापारी शिरपूर-दोंडाईचापर्यंत पोचवतो. थोडा माल २०० ग्रॅमच्या छापील पाकिटात जातो. सुट्या मालाचा दुकानदाराला दर १५५ रुपये किलो होता आणि तो वर्षभर हलला नव्हता. माल पामोलिनमध्ये तळला जातो.

१४ सप्टेंबर २०२४ ला, शनिवारी, केंद्र सरकारने खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढवलं. कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ शुल्क शून्यावरून २० टक्के झालं, रिफाइंडवरचं १२.५ वरून ३२.५ टक्के. उपकर धरला तर कच्च्या तेलावरचा एकूण भार ५.५ वरून २७.५ टक्क्यांवर आणि रिफाइंडवरचा १३.७५ वरून ३५.७५ टक्क्यांवर गेला. आपल्या देशाची खाद्यतेलाची निम्म्याहून जास्त गरज आयातीवर भागते आणि पाम तर जवळजवळ सगळं इंडोनेशिया-मलेशियातून येतं. त्यामुळे सोमवारी दादांनी तेलवाल्याला फोन केला तेव्हा पंधरा किलोचा जो डबा आदल्या आठवड्यात १,४७० ला घेतला होता, त्याचा भाव १,८३० सांगितला गेला. किलोला ९८ चे १२२ झाले.

हे नेमकं अवघड वेळेला आलं. अनंत चतुर्दशी १७ तारखेला होती, मग पितृपक्ष, आणि ३ ऑक्टोबरला घट बसणार होते. नवरात्रात उपवासामुळे केळीच्या वेफर्सला जी मागणी असते ती वर्षात दुसऱ्या कुठल्याच वेळी नसते. दुकानदार त्याचा माल सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात भरतात. म्हणजे भाव वाढवायचा तर ऐन भरणीच्या तोंडावर सांगायचा.

दादांनी त्याच संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर टाकायला मजकूर लिहिला आणि मला पाठवला:

"सर्व ग्राहक बंधूंना कळविण्यात येते की, कच्च्या मालाच्या किमतीत प्रचंड वाढ झाल्यामुळे नाइलाजास्तव आम्हास दरवाढ करावी लागत आहे. उद्यापासून नवीन दर १७५ रुपये किलो राहील. तरी सहकार्य करावे ही विनंती."

असे निरोप आपल्याकडे सर्रास फिरतात. दुकानदार ते वाचतो आणि लगेच फोन उचलतो, कारण त्याला जे हवं असतं त्यातलं काहीच त्यात नसतं. कच्चा माल म्हणजे कोणता? केळी की तेल? किती वाढला? वीस रुपये कुठून आले? उद्यापासून म्हणजे काल दिलेल्या ऑर्डरचं काय? चाळीस दुकानदार चाळीस वेळा हेच विचारतात, आणि घाईत प्रत्येकाला थोडं वेगळं उत्तर जातं. आठ दिवसांनी तेच दुकानदार एकमेकांशी बोलतात आणि फैजपूरवाल्याला एक भाव, सावद्यावाल्याला दुसरा, असं बाहेर येतं. रुपयाची वाढ गिऱ्हाईक पचवतो. शेजाऱ्याला वेगळा भाव मिळाला हे पचवत नाही.

म्हणून मजकूर बाजूला ठेवून आम्ही आधी हिशेबाला बसलो.

एक किलो वेफर्सला तेल किती लागतं, हा पहिला प्रश्न. दादा म्हणाले, अर्धा किलो तरी लागत असेल. असा अंदाज बहुतेक कारखान्यांत जास्तच सांगितला जातो, कारण कढईत सतत तेल ओतताना दिसतं. मोजायची सोपी रीत अशी आहे: महिन्याच्या सुरुवातीला शिल्लक डबे मोजायचे, महिन्यातली खरेदी मिळवायची, शेवटची शिल्लक वजा करायची आणि त्या महिन्यात निघालेल्या मालाने भागायचं. ऑगस्टमध्ये १६५ डबे लागले होते, म्हणजे २,४७५ किलो तेल. माल निघाला ७,५०० किलो. भागाकार आला ३३० ग्रॅम. वेफर्समध्ये मुरलेलं, कढईतून बदलून काढून टाकलेलं आणि सांडलवंड, सगळं यात आलं. वेगळं काही धरायचं राहत नाही.

इथे एक गोष्ट तपासून घ्यावी लागते. डबा १५ किलोचा आहे की १५ लिटरचा? लिटरचा असेल तर त्यात तेल जेमतेम पावणेचौदा किलो भरतं, आणि सगळा हिशेब नऊ-दहा टक्क्यांनी चुकतो. दादांचा डबा किलोचा होता, बिलावर तसं लिहिलेलं होतं.

मग जुन्या भावाने एक किलोचा खर्च असा बसला. कच्ची केळी चार किलो, ११ रुपयांनी ४४. सालीत आणि पाण्यात इतकं जातं की चारला एक हे प्रमाण आमच्याकडच्या केळीला बऱ्यापैकी लागू पडतं. तेल ३३० ग्रॅम, ९८ ने ३२ रुपये. मीठ-मसाला ४, सरपण १०, मजुरी १४, पिशवी आणि खोकं १४, वीज, भाडं, टेम्पो वगैरे १२. एकूण १३०. विक्री १५५, म्हणजे हातात २५. त्यातूनच उधारीचा भार, परत आलेला माल आणि दादांचं घर.

नव्या भावाने फक्त तेलाची ओळ बदलली. ३३० ग्रॅम, १२२ ने ४० रुपये. वाढ आठ रुपये. तेल २४ टक्क्यांच्या वर वाढलं होतं, पण वेफर्सच्या १५५ रुपयांवर त्याचा परिणाम पाच टक्क्यांच्या आसपास होता.

दादा थोडा वेळ त्या आठ रुपयांकडे बघत राहिले. त्यांचं म्हणणं होतं, वर्षभरात मजुरी वाढली, पिशव्या वाढल्या, ते मी कधी लावलं नाही. आता निमित्त आहे तर एकदाच वीस लावून टाकू. हे म्हणणं चुकीचं नाही. मजुरी खरंच वाढली होती. पण पत्रात कारण तेलाचं सांगायचं आणि आकडा तेल, मजुरी, पिशव्या सगळ्यांचा घालायचा, हे चालत नाही. समोरचा फरसाणवाला स्वतः तेलाचे डबे घेतो. त्याला किलोला किती तेल लागतं हे दादांइतकंच कळतं. तो मनातल्या मनात भागाकार करतो आणि बारा रुपये जास्तीचे आहेत हे ओळखतो. मग पुढच्या वेळी खरं कारण सांगितलं तरी तो मानत नाही. मजुरीची वाढ घ्यायची तर तिचं वेगळं कारण, वेगळा आकडा, वेगळी वेळ. दादांनी त्या वेळी ती सोडली आणि आठ रुपयांवर आले.

केळीचा उल्लेखही आम्ही जाणून टाळला. त्या दिवसांत केळीचे भाव थोडे वरखाली होत होते आणि "केळी आणि तेल दोन्ही महागलं" असं लिहिलं तर वजनदार वाटलं असतं. पण हे दुकानदार रावेर-यावलचे आहेत. निम्म्यांच्या घरी केळीचा बाग आहे. बाजार समितीचा आणि बऱ्हाणपूरचा बोर्ड भाव त्यांना रोज सकाळी मोबाईलवर येतो. त्यांना केळीचा भाव सांगायला जाणं म्हणजे पत्रातली एक तरी ओळ खोटी ठरवून घेणं.

आता तारीख. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात खरी मेहनत इथेच होती.

दादांकडे जुन्या भावाचे ४० डबे पडून होते. ६०० किलो तेल, म्हणजे साधारण १,८०० किलो वेफर्स, सहा दिवसांचं काम. अनंत चतुर्दशीची आणि रविवारची सुट्टी धरून ते २३ तारखेपर्यंत पुरणार होतं. म्हणजे महाग तेलात तळलेला पहिला घाणा २४ सप्टेंबरला पडणार. "उद्यापासून" भाव लावला असता तर आठवडाभर स्वस्त तेलाचा माल महाग विकला गेला असता. कायद्याने त्याला आडकाठी नाही. पण कारखान्यात डबे कुठे रचले आहेत हे टेम्पोवाल्यापासून सगळ्यांना दिसतं.

दुसरं टोक म्हणजे दसऱ्यानंतर, १४ ऑक्टोबरपासून वाढवायचं. गिऱ्हाईक खूश झाले असते. त्याचीही किंमत आम्ही काढली. २४ ते ३० सप्टेंबर कामाचे सहा दिवस, नवरात्राच्या मागणीमुळे रोज ४०० किलो धरले तर २,४०० किलो. आठ रुपयांनी १९,२०० रुपये दादांनी सोसायचे. ऑक्टोबरचे पहिले दोन आठवडे धरले तर आणखी दहा दिवस, ४,००० किलो, ३२,०००. एकूण ५१,२०० रुपये, तेही अशा महिन्यात जेव्हा तेवढेच डबे घ्यायला जास्त रोकड लागणार होती. ऑगस्टइतकं तेल घ्यायचं तरी १६५ डब्यांना ३६० रुपयांप्रमाणे महिन्याला ५९,४०० जास्त गुंतणार होते, आणि दुकानदारांची उधारी महिन्याची.

दादांनी १ ऑक्टोबर ही तारीख धरली. नवरात्राची पहिली भरणी जुन्या भावात होईल, १९,००० सोसायचे, पुढचे नाही. दुकानदाराला बारा दिवस आधी कळेल, म्हणजे त्याला स्वतःच्या दुकानातला भाव ठरवायला एक आठवडी बाजार मिळेल.

मुदत दिली की साठेबाजी होते, हे गृहीत धरावं लागतं. एखादा हुशार दुकानदार दोन महिन्यांचा माल जुन्या भावात मागून घेतो. त्याने कारखान्याचा तोटा तर होतोच, पण दुसरी अडचण मोठी आहे: साध्या पॉलिथिनच्या पिशवीतला वेफर महिन्याभराने खवट व्हायला लागतो. नोव्हेंबरमध्ये खवट माल विकला गेला की नाव कारखान्याचं जातं. म्हणून ठरलं की जुन्या भावात प्रत्येकाला त्याने ऑगस्टमध्ये घेतला तेवढाच माल. ऑगस्टचा बहुतेक भाग श्रावणात होता, म्हणजे मर्यादा तशी सैलच होती. त्यावर कोणी ओरड केली नाही.

पाकिटांचा प्रश्न वेगळा होता. २०० ग्रॅमच्या पाकिटावर छापील किंमत ५० रुपये, दुकानदाराला ३८ ला पडत होतं. तेलामुळे एका पाकिटाला दीड रुपयाच्या आसपास वाढ. छापील किंमत ५५ करणं सोपं दिसत होतं, पण मग दुकानातल्या जुन्या पाकिटांवर ५५ ची चिठ्ठी लावायचा मोह दुकानदाराला होतो, आणि ते वजनमापाच्या नियमांत बसत नाही. छापलेल्या किमतीपेक्षा जास्त घेता येत नाही आणि किंमत वाढवणारी चिठ्ठीही लावता येत नाही. कमी करणारी चालते. वजन १९० ग्रॅम करायचा पर्यायही निघाला. दादांनी तो ऐकूनही घेतला नाही, आणि छापलेल्या पाकिटांचा गठ्ठा पडून होता ते वेगळंच. शेवटी छापील किंमत ५० च ठेवली आणि दुकानदाराचा दर ३९.५० केला. म्हणजे दुकानदाराची सुट १२ वरून साडेदहावर आली. हे पत्रात उघड लिहायचं असं मी म्हटलं. बिलात त्याला दिसणारच आहे. आधी आपण सांगितलेलं बरं.

पत्र पाठवायच्या आदल्या दिवशी दादांनी पाच मोठ्या गिऱ्हाइकांना स्वतः फोन केले. धुळ्याच्या व्यापाऱ्याला आधी सांगणं तर भागच होतं, कारण त्याने पुढे शिरपूरच्या दुकानदारांना नवरात्राचा भाव देऊन ठेवला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तेल वाढनं हाई माले बी माहीत शे भाऊ. आते माले कितलामा पडी, ते सांग." आकडा आणि तारीख ऐकली आणि फोन संपला. जो रोज खरेदी-विक्री करतो त्याला कारणापेक्षा आकडा आधी हवा असतो. म्हणून पत्रातही आकडा पहिल्याच ओळीत घेतला.

१९ सप्टेंबरला, गुरुवारी, कारखान्याच्या लेटरहेडवर छापून आणि त्याचाच फोटो व्हॉट्सअॅपवर, असं हे पत्र गेलं:

"स.न.वि.वि.

मंगळवार, दि. १ ऑक्टोबर २०२४ पासून आपल्या सुट्या केळी वेफर्सचा दर १५५ ऐवजी १६३ रुपये किलो राहील. २०० ग्रॅम पाकिटाचा आपला दर ३८ ऐवजी ३९.५० रुपये राहील. पाकिटावरील छापील किंमत ५० रुपयेच आहे. जीएसटी पूर्वीप्रमाणेच बिलात वेगळा.

वाढीचे कारण फक्त तेल आहे. १४ सप्टेंबरपासून आयात शुल्क वाढल्याने पामोलिनचा १५ किलोचा डबा आम्हाला १,४७० ऐवजी १,८३० रुपयांना पडतो आहे. एक किलो वेफर्सला आम्हाला ३३० ग्रॅम तेल लागते. त्याचा फरक किलोला ८ रुपये होतो, तेवढाच दरात धरला आहे.

३० सप्टेंबरपर्यंत कारखान्यातून निघालेला माल जुन्या दराने मिळेल. आपण ऑगस्टमध्ये जेवढा माल घेतला तेवढ्यापर्यंत ही सोय आहे. ज्यांनी आगाऊ रक्कम भरली आहे त्यांना माल केव्हाही गेला तरी जुनाच दर लागेल.

पाकिटात आपली सुट दीड रुपयाने कमी होते आहे, याची आम्हाला जाणीव आहे. दिवाळीच्या भरणीत छापील किंमत बदलून आपला घोळ वाढवणे आम्हाला बरे वाटले नाही.

हा दर १५ नोव्हेंबरपर्यंत बदलणार नाही. तेलाचा डबा सलग एक महिना १,६०० च्या खाली राहिला तर दर त्याच हिशेबाने कमी करू. तेल तेच आणि कढईतले तेल बदलण्याची पद्धतही तीच राहील.

तेलाचे बिल पाहायचे असल्यास कारखान्यात केव्हाही यावे."

शेवटच्या परिच्छेदाआधीची तेलाच्या पद्धतीची ओळ दादांची. तेल महाग झालं की तेच तेल आणखी दोन दिवस चालवायचा मोह सगळ्यांनाच होतो, आणि माल काळपट, जड वासाचा यायला लागतो. दुकानदाराच्या मनात हीच शंका असते, म्हणून ती ओळ राहू दिली.

पत्रानंतर फोन आले, पण थोडे. त्यातला एक प्रश्न तयारीचा होता. १७ सप्टेंबरला केंद्राच्या अन्न विभागाच्या सचिवांनी तेल उद्योगाच्या संघटनांची बैठक घेऊन सांगितलं होतं की कमी शुल्कात आयात झालेला साठा देशात आहे, सुमारे ३० लाख टन, ४५ ते ५० दिवस पुरेल एवढा. तोवर किरकोळ किमती वाढवू नका. ही बातमी पेपरात आली होती. भुसावळच्या एका दुकानदाराने तिचं कात्रणच पाठवलं: "सरकार म्हणतंय भाव वाढवू नका, आणि तुम्ही?"

याला दादांनी सोमवारच्या बिलाचा फोटो पाठवला आणि एक ओळ लिहिली, "भाऊ, सूचना तेल कंपन्यांना आहे. आमच्या डब्याचा भाव असा आला." वाद घातला नाही, सरकारला किंवा तेलवाल्याला नावं ठेवली नाहीत. बिलावर तारीख आणि दर होता, तो पुरेसा झाला. ज्याच्याकडे असं बिल नसेल, म्हणजे साठा जुना असताना केवळ बातमीवर भाव वाढवला असेल, त्याला या प्रश्नाला उत्तर नाही. म्हणून बिल हातात आल्याशिवाय पत्र काढू नये असं मी सगळ्यांना सांगतो.

अडचण दुसरीकडे आली. सावद्याच्या एका दुकानदाराने २८ तारखेला ६० किलोची ऑर्डर दिली. कारखान्यात नवरात्राची गर्दी, माल निघाला ३ ऑक्टोबरला आणि बिल लागलं १६३ ने. तो चिडला, आणि बरोबर चिडला. पत्रात "कारखान्यातून निघालेला माल" असं होतं. ऑर्डर त्याने वेळेत दिली होती, उशीर कारखान्याचा होता. पत्राच्या त्या वाक्याने कारखान्याच्या उशिराचा भुर्दंड गिऱ्हाइकावर पडत होता. दादांनी त्याच दिवशी ४८० रुपयांची क्रेडिट नोट काढली आणि तशीच परिस्थिती असलेल्या आणखी तिघांना, त्यांनी तक्रार करायच्या आत, नोटा पाठवल्या. भाव लागू होण्याची तारीख नुसती लिहून भागत नाही. ती ऑर्डरला लागू, की माल निघण्याला, की बिलाला, आणि मधल्या मालाचं काय, हे लिहावं लागतं. सुट्या मालात ही मधली खिंड चार-पाच दिवसांची असते आणि सगळी भांडणं तिथेच होतात.

रावेरचा एक दुकानदार मात्र गेला. त्याला दुसऱ्या कारखान्याने १५५ लाच माल देऊ केला होता. दादांनी त्याच्यासाठी भाव सोडला नाही. सोडला असता तर बाकी एकोणचाळीस जणांना दिलेलं पत्र फाडून टाकावं लागलं असतं.

१५ नोव्हेंबरपर्यंत भाव न बदलण्याचा शब्द महाग पडला. तेल तिथेच थांबलं नाही. ऑक्टोबरच्या शेवटी डबा २,०५० ला गेला, किलोला १३७ च्या घरात. वेफर्सच्या किलोमागे आणखी पावणेपाच-पाच रुपये. दिवाळीच्या आसपासच्या पंधरवड्यात सुमारे ६,००० किलो माल गेला, म्हणजे तीस हजारांच्या जवळपास दादांनी सोसले. इतका लांबचा शब्द द्यावा का, यावर आमच्यात मतभेद आहे. तेलासारख्या वस्तूत मला तो सहा आठवड्यांऐवजी चार आठवड्यांचा बरा वाटतो. दादा म्हणतात, दिवाळीच्या भरणीत दोनदा भाव हलवणारा कारखाना पुढच्या दिवाळीला कोणी विचारत नाही.

८ नोव्हेंबरला दुसरं पत्र गेलं. ते पाच ओळींचं होतं: डबा १,८३० वरून २,०५०, तेल ३३० ग्रॅम, फरक ५ रुपये, १८ नोव्हेंबरपासून दर १६८, १४ नोव्हेंबरपर्यंत आलेल्या ऑर्डरी माल केव्हाही निघाला तरी १६३ ने. हिशेबाची रीत सगळ्यांना माहीत झाली होती. या वेळी एकही फोन भावाबद्दल आला नाही. दोघांनी फक्त ऑर्डर वाढवून दिली.

उधारी महिन्यावरून तीन आठवड्यांवर आणायची होती, तेलाच्या वाढलेल्या रोकडीमुळे. ती मागणी दादांनी दोन्ही पत्रांत घातली नाही. भाव आणि उधारी एकदम मागितले की दुकानदार दोन्हींवर घासाघीस करतो आणि एकाच्या बदल्यात दुसरं सोडून घेतो. जानेवारीत, भाव शांत असताना, ती वेगळी बोलून घेतली.

३० मे २०२५ ला सरकारने कच्च्या तेलावरचं मूळ शुल्क २० वरून १० टक्के केलं, एकूण भार १६.५ टक्क्यांवर आला. रिफाइंडवरचं शुल्क तसंच राहिलं. दुसऱ्याच दिवशी धुळ्याचा व्यापारी आणि भुसावळवाले दोघेही विचारायला लागले, आता भाव कधी उतरवता? पत्रात १,६०० चा आकडा आणि सलग महिन्याची अट लिहिलेली होती, म्हणून दादांना काही नव्याने सांगावं लागलं नाही. त्यांनी त्या आठवड्याच्या डब्याचं बिल पाठवलं. डबा अजून त्या आकड्याच्या बराच वर होता. व्यापाऱ्याने अंगठा पाठवला आणि आषाढी एकादशीच्या मालाची ऑर्डर लिहून दिली.